ज्वारी किती, तूरडाळ किती: ठरलेल्या पैशांत दोन वस्तूंचे प्रमाण काढण्याची रीत

घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम आपल्याकडे अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्रात शिकवला जातो आणि बहुतेकांच्या लक्षात राहतो तो एवढाच, की एकच वस्तू सलग घेत गेल्यास पुढच्या प्रत्येक नगाचे समाधान कमी होत जाते. त्यापुढचा प्रश्न मात्र पदवीच्या वर्गात अचानक गणिताच्या वेषात समोर येतो. पैसे ठरलेले आहेत, वस्तू दोन आहेत आणि त्यांच्या किमती वेगवेगळ्या आहेत, तर कोणती किती घ्यावी? याचे उत्तर आंशिक विकलज आणि एक गुणोत्तर यांतून मिळते. या लेखात ते एकाच उदाहरणावर, एकेक पायरी उलगडत, काढून दाखवले आहे. त्या गुणोत्तरावर कुठे विसंबता येते आणि कुठे ते फसवते, यासाठी मी मुद्दाम अधिक जागा ठेवली आहे, कारण परीक्षेत आणि प्रत्यक्ष व्यवहारातही चुका तिथेच होतात.

आधी एकके ठरवावीत

उदाहरण लातूर शहरातल्या एका चार-पाच माणसांच्या कुटुंबाचे घेऊ. भाकरीसाठी ज्वारी आणि वरणासाठी तूरडाळ, या दोन वस्तूंसाठी कुटुंबाने महिन्याला १,२०० रुपये बाजूला काढले आहेत. ज्वारीचा भाव किलोला ४० रुपये आणि तूरडाळीचा १२० रुपये आहे असे मानू. हे भाव हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत. वाचकाने आपल्या गावच्या किराणा दुकानातले भाव घालून तोच हिशेब पुन्हा करावा.

महिन्याला घ्यायच्या ज्वारीचे किलो म्हणजे x आणि डाळीचे किलो म्हणजे y. सगळे पैसे खर्च होणार असतील, तर खर्चाची अट अशी होते:

४०x + १२०y = १२००

ही अंदाजपत्रक रेषा. हिच्यावर एका टोकाला ३० किलो ज्वारी आणि शून्य डाळ आहे, तर दुसऱ्या टोकाला १० किलो डाळ आणि शून्य ज्वारी. एक किलो डाळ सोडली, तर तेवढ्याच पैशांत तीन किलो ज्वारी येते. हा तीनास एक प्रमाणाचा बाजारभाव पुढे सतत लागणार आहे.

एककांबाबत मराठवाड्यात एक अडचण हमखास येते. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघाली, की पुष्कळ घरे वर्षाची ज्वारी एकदम भरून ठेवतात, तर डाळ महिन्याच्या किराण्यातून येते. अशा वेळी ज्वारीचा वार्षिक आकडा आणि डाळीचा मासिक आकडा एकाच समीकरणात घातला गेला, तर पुढचे सगळे गणित बरोबर करूनही उत्तर निरर्थक येते. म्हणून ज्वारीची वर्षाची पोती असली, तरी तिला बाराने भागून महिन्यावर आणावे. सीमांत उपयोगिता घटते ती ठरावीक काळात घेतलेल्या प्रमाणाबरोबर. काळच सांगितला नसेल, तर नियमालाही अर्थ उरत नाही.

उपयोगिता फलन आणि त्यातले आकडे

कुटुंबाच्या आवडीचे वर्णन करण्यासाठी पुढील फलन घेऊ. यात U म्हणजे एकूण उपयोगिता आणि ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम.

U = ६० ln x + ४० ln y

यातले ६० आणि ४० हे आकडे आले कुठून, हा प्रश्न विद्यार्थी क्वचितच विचारतात, पण विचारायला हवा. या प्रकारच्या फलनाचा एक गुणधर्म असा, की त्याप्रमाणे वागणारे कुटुंब एकूण रकमेचा ठरावीक वाटा प्रत्येक वस्तूवर खर्च करते आणि तो वाटा या गुणकांवरून ठरतो. म्हणून एखाद्या घराच्या काही महिन्यांच्या वहीत या दोन वस्तूंच्या खर्चापैकी साधारण ६० टक्के ज्वारीवर आणि ४० टक्के डाळीवर जातात असे दिसले, तर ६० आणि ४० हे गुणक घेण्यास आधार मिळतो. अर्थात असे गुणक घेतल्यावर फलनाने त्याच घराची तीच खरेदी पुन्हा दाखवणे यात काही सिद्ध होत नाही. फलनाची परीक्षा भाव बदलल्यावरच होते. तिच्याकडे पुढे येऊ.

आंशिक विकलज म्हणजे नेमके काय धरून ठेवणे

ज्वारीची सीमांत उपयोगिता काढायची, तर डाळ आहे तेवढीच ठेवून ज्वारी किंचित वाढवायची आणि U किती वाढते ते पाहायचे. गणितात हेच आंशिक विकलन. y ला स्थिर संख्या मानले, की ४० ln y या पदाचे विकलज शून्य होते आणि उरते ते असे:

∂U/∂x = ६०/x

त्याचप्रमाणे x ला स्थिर मानून:

∂U/∂y = ४०/y

महिन्याला ६ किलो ज्वारी असताना पहिली किंमत १० येते, १२ किलोला ५ आणि ३० किलोला २. ज्वारी वाढते तशी तिची सीमांत उपयोगिता घटते, हे आकड्यांवरून दिसते. पुन्हा एकदा विकलन केल्यास −६०/x² मिळते. x कितीही असला तरी ते ऋणच राहते आणि घटत्या सीमांत उपयोगितेची गणिती खूण हीच आहे.

विकलज आणि शालेय पुस्तकातल्या कोष्टकातील सीमांत उपयोगिता यांत थोडा फरक असतो. कोष्टकात आपण एक पूर्ण किलो वाढवतो, विकलज मात्र अगदी सूक्ष्म वाढीसाठी असते. १८ किलोला विकलज ३.३३ आहे. प्रत्यक्षात १८ वरून १९ किलोवर गेल्यास उपयोगिता ६० ln(१९/१८), म्हणजे ३.२४ ने वाढते. तो पूर्ण किलो वापरला जात असतानाच सीमांत उपयोगिता घटत असल्यामुळे हा आकडा थोडा कमी येतो. आपले उत्तर पडताळायचे असेल, तेव्हा हा छोटा हिशेब अवश्य करावा. दोन आकड्यांत खूपच तफावत असेल, तर विकलनात चूक झाली आहे किंवा वाढीची पायरी फार मोठी घेतली आहे.

किलोमागे नव्हे, रुपयामागे

आता समजा, कुटुंब सध्या १२ किलो ज्वारी आणि ६ किलो डाळ घेते. खर्च ४८० अधिक ७२०, म्हणजे बरोबर १,२०० रुपये. येथे ज्वारीची सीमांत उपयोगिता ५ आहे आणि डाळीची ४०/६, म्हणजे ६.६७. घाईने पाहणारा म्हणेल, की डाळीचा पुढचा किलो जास्त समाधान देतो, तेव्हा डाळ वाढवावी. उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त दिसणारी चूक ती हीच. डाळीच्या त्या किलोसाठी १२० रुपये मोजावे लागतात आणि तेवढ्या पैशांत ज्वारी तीन किलो येते, ही गोष्ट त्यात सुटते. म्हणून प्रत्येक सीमांत उपयोगितेला त्या वस्तूच्या किमतीने भागले पाहिजे:

ज्वारी: ५/४० = ०.१२५
डाळ: ६.६७/१२० = ०.०५६

ज्वारीवर खर्च केलेला शेवटचा रुपया डाळीवरच्या शेवटच्या रुपयाच्या दुपटीहून अधिक समाधान देतो आहे. तेव्हा पैसा डाळीकडून ज्वारीकडे वळवायला हवा. एक किलो डाळ कमी करून तीन किलो ज्वारी वाढवली, की १५ किलो ज्वारी आणि ५ किलो डाळ होते. ज्वारीमुळे U मध्ये १३.३९ ची भर पडते, डाळीमुळे ७.२९ ची घट होते आणि निव्वळ वाढ ६.१० राहते. पुन्हा तेच केले, तर १८ आणि ४ वर येतो. या वेळी निव्वळ वाढ फक्त २.०१ आहे. तिसऱ्यांदा केले, तर २१ आणि ३ होतात, पण आता ज्वारीची भर ९.२५ आणि डाळीची घट ११.५१ असल्याने U उलट २.२६ ने घसरते. म्हणजे थांबण्याची जागा १८ आणि ४ च्या आसपास आहे.

प्रत्येक पायरीला ज्वारी वाढल्याने तिचा रुपयामागचा लाभ घटत गेला आणि डाळ कमी झाल्याने तिचा वाढत गेला. दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकत असल्यामुळेच कुठेतरी त्या समान होतात. ही कल्पना जर्मनीच्या हेरमान गोसेन यांनी १८५४ मध्ये मांडली होती. तेव्हा तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे १८७० च्या दशकात जेव्हन्स, मेंगर आणि वालरा यांनी स्वतंत्रपणे सीमांत विचार मांडला, तेव्हा तिचे महत्त्व कळले. आपल्या पुस्तकांत ती समसीमांत उपयोगितेचा सिद्धांत या नावाने येते.

अट सिद्ध कशी होते

वर आपण चाचपडत १८ आणि ४ वर पोहोचलो. आता तेथेच थेट जाऊ. येथे एक सूक्ष्म भेद नीट ध्यानात घ्यावा. आंशिक विकलज काढताना आपण डाळ स्थिर ठेवली होती, पण खर्चाच्या अटीत ज्वारी वाढवली, की डाळ कमी करावीच लागते. तिथे डाळ स्थिर राहू शकत नाही. अंदाजपत्रक रेषेवर एक किलो ज्वारी वाढली, की डाळ ४०/१२०, म्हणजे एक तृतीयांश किलो घटते. म्हणून रेषेवरून सरकताना U मध्ये होणारा एकूण बदल दोन भागांचा असतो:

dU/dx = ६०/x − (१/३)(४०/y)

पहिला भाग ज्वारीचा लाभ आणि दुसरा डाळीच्या कपातीचा तोटा. १२ आणि ६ ला ही किंमत २.७८ येते, म्हणजे ज्वारी वाढवणे फायद्याचे. २१ आणि ३ ला ती −१.५९ येते, म्हणजे आपण पुढे निघून गेलो आहोत. जिथे ती शून्य होते, तिथे थांबायचे. शून्य ठेवून दोन्ही बाजू मांडल्या, की

(६०/x) / (४०/y) = ४०/१२०

असे गुणोत्तर मिळते. डावीकडे सीमांत उपयोगितांचे गुणोत्तर आहे आणि उजवीकडे किमतींचे. डाव्या गुणोत्तराला सीमांत पर्यायता दर म्हणतात. एक किलो जास्त ज्वारीसाठी कुटुंब स्वखुशीने किती डाळ सोडायला तयार आहे, ते यावरून कळते. उजवीकडचा आकडा बाजार किती डाळ सोडायला लावतो, ते सांगतो.

आता सोडवू. डावी बाजू १.५y/x होते, म्हणून १.५y/x = १/३ आणि x = ४.५y. हे खर्चाच्या अटीत घातले, की १८०y + १२०y = १२००, म्हणून y = ४ आणि x = १८. ज्वारीवर ७२० रुपये आणि डाळीवर ४८० रुपये. गुणोत्तराची अट एकटी दोन अज्ञात संख्या देऊ शकत नाही, ती फक्त x आणि y यांचे परस्पर प्रमाण देते. प्रत्यक्ष किलो खर्चाच्या अटीतून येतात. पुष्कळ विद्यार्थी x = ४.५y येथे अडतात, ते ही दुसरी अट वापरायची राहून गेल्यामुळे.

पडताळणी दोन ओळींत होते. ३.३३/४० = ०.०८३ आणि १०/१२० = ०.०८३, शिवाय ७२० + ४८० = १२००. ज्यांनी लाग्रांज गुणकाची पद्धत शिकली आहे, त्यांना हा ०.०८३ ओळखीचा वाटेल. तोच λ. अंदाजपत्रकात आणखी एक रुपया आला, तर कमाल उपयोगिता साधारण तेवढ्याने वाढेल, असा त्याचा अर्थ. १२ रुपये वाढवून पाहिल्यास U ची वाढ सुमारे १ येते आणि १२ गुणिले ०.०८३ हेही १ च आहे.

सीमांत उपयोगितेचे आकडे खरे किती मानावेत

आता या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. समजा दुसऱ्या कोणी त्याच कुटुंबासाठी वेगळे फलन लिहिले:

V = x³y²

हे फलन वरच्या U पासूनच बनते. U ला २० ने भागून येणारी संख्या e च्या घातांकाच्या जागी ठेवली, की V मिळतो. म्हणून U च्या मते ज्वारी-डाळीच्या प्रमाणांची जी जोडी, म्हणजे थैली, अधिक पसंतीची, तीच V च्याही मते अधिक पसंतीची. आवडीचा क्रम अजिबात बदललेला नाही. आता ज्वारीची सीमांत उपयोगिता ३x²y² आहे. डाळ स्थिर ठेवून ज्वारी वाढवली, तर ती घटत नाही, उलट वाढते! मग उत्तर बदलेल का? १८ आणि ४ ला ज्वारीची सीमांत उपयोगिता १५,५५२ आणि डाळीची ४६,६५६ येते. पहिलीला ४० ने आणि दुसरीला १२० ने भागले, की दोन्हीकडे ३८८.८. म्हणजे उत्तर तेच, १८ आणि ४.

सुट्या सीमांत उपयोगितेचा आकडा, इतकेच नव्हे तर ती घटते की वाढते हेसुद्धा, आपण समाधान कोणत्या मापाने मोजले यावर अवलंबून असते. दोन सीमांत उपयोगितांच्या गुणोत्तरात मात्र ते माप वर आणि खाली दोन्हीकडे येऊन कटते, म्हणून ते टिकते. V मध्येही गुणोत्तर १.५y/x असेच आहे. समाधानाची केवळ क्रमवारी पुरे होते, हा विचार पारेटो यांच्यापासून सुरू होऊन १९३४ मध्ये हिक्स आणि अ‍ॅलन यांच्या मांडणीत पक्का झाला, तो याच कारणाने. "डाळीमुळे ज्वारीची उपयोगिता वाढते" अशी विधानेही या नजरेने जपून करावीत. U मध्ये ज्वारीची सीमांत उपयोगिता डाळीवर मुळीच अवलंबून नाही, V मध्ये आहे, आणि तरीही दोन्ही फलने एकाच कुटुंबाची आहेत.

मग कमाल बिंदू खरोखर कमाल आहे, याची हमी कशाने मिळते? रेषेवरून ज्वारीच्या दिशेने सरकताना सीमांत पर्यायता दर घटत जाण्याने. १.५y/x मध्ये x वाढतो आणि y घटतो, म्हणून तो निश्चित घटतो. ही तपासणी वगळली, तर काय होते ते पाहण्यासाठी एक बिघडलेले फलन घेऊ: W = x² + y². यात सीमांत उपयोगिता २x आणि २y. गुणोत्तराची अट २x/४० = २y/१२०, म्हणजे y = ३x देते आणि खर्चाच्या अटीतून ३ किलो ज्वारी व ९ किलो डाळ असे उत्तर निघते. दिसायला सगळे ठीक आहे. रुपयामागचे लाभही समान आहेत. पण तेथे W फक्त ९० आहे, तर नुसती ३० किलो ज्वारी घेतल्यास तो ९०० आणि नुसती १० किलो डाळ घेतल्यास १०० होतो. समान गुणोत्तराने आपल्याला रेषेवरच्या सर्वांत वाईट जागी नेऊन ठेवले! म्हणून गुणोत्तराने उत्तर काढल्यावर आजूबाजूच्या एक-दोन थैल्यांची आणि दोन्ही टोकांची उपयोगिता नेहमी काढून पाहावी. आपण वर १५ व ५ आणि २१ व ३ या थैल्या तपासल्या, त्याचा उपयोग हाच.

भाव बदलल्यावर

तुरीचे पीक हाती कमी आले आणि डाळ १६० रुपये किलो झाली, असे समजा. नवे गुणोत्तर १.५y/x = ४०/१६०, म्हणजे x = ६y. खर्चाच्या अटीत घातल्यावर २४०y + १६०y = १२००, म्हणून y = ३ आणि x = १८. डाळ एक किलोने घटली, ज्वारी जागची हलली नाही आणि डाळीवरचा खर्च ४८० रुपयेच राहिला.

येथून "डाळ महागली तरी ज्वारीची खरेदी बदलत नाही" असा सर्वसाधारण नियम काढणे चुकीचे ठरेल. तो या विशिष्ट फलनाचा स्वभाव आहे. मघाशी ज्या परीक्षेचा उल्लेख केला, ती येथे घेता येते. भाववाढीनंतरच्या महिन्यांत घराच्या वहीत डाळ ३ किलोच्या आसपास दिसली, तर फलन चालण्याजोगे आहे. ती साडेतीन किलो, म्हणजे ५६० रुपयांची दिसली, तर या घराला डाळ सोडणे आपल्या फलनाला वाटते त्याहून कठीण जाते आहे आणि फलनाचा आकारच बदलावा लागेल. अशा वेळी केवळ गुणक ६० चे ५३ करून भागवू नये, कारण ते जुन्या भावाच्या खरेदीशी मग जुळणार नाहीत.

समानता जिथे मिळतच नाही

लॉगरिदमच्या फलनात प्रमाण शून्याकडे गेले, की सीमांत उपयोगिता अमर्याद वाढते, म्हणून दोन्ही वस्तू थोड्या तरी घेतल्याच जातात. प्रत्यक्षात मात्र कित्येक वस्तू घरात येतच नाहीत. डाळीऐवजी दुसरी वस्तू साजूक तूप धरू. भाव ६०० रुपये किलो आणि फलन असे:

U = ६० ln x + २० ln(y + १)

तुपाची सीमांत उपयोगिता २०/(y + १), म्हणजे तूप मुळीच नसताना २०. गुणोत्तराची अट लावली, की x = ४५(y + १) येते आणि १,२०० रुपयांच्या खर्चाच्या अटीत घातल्यावर y = −०.२५. उणे पाव किलो तूप! असे ऋण उत्तर आले, की ते गाळून चुपचाप शून्य लिहिण्यापेक्षा त्याचा अर्थ लावावा. सगळे पैसे ज्वारीवर घातले, तर x = ३०, ज्वारीचा रुपयामागचा लाभ २/४० = ०.०५ आणि तुपाच्या पहिल्या चमच्याचा २०/६०० = ०.०३३. ज्वारी कमी करून तूप आणणे परवडत नाही आणि उलट दिशेने सरकायला तूपच नाही. अशा कोपऱ्यात समानतेची जागा असमानता घेते: न घेतलेल्या वस्तूचा रुपयामागचा लाभ घेतलेल्या वस्तूपेक्षा कमी किंवा फार तर तेवढाच असला पाहिजे.

यातून एक उपयोगाची गोष्ट मिळते. तूप कधी सुरू होईल, हे सांगता येते. पैसे तेवढेच राहिले आणि तुपाचा भाव p धरला, तर २०/p हे ०.०५ च्या वर जायला हवे, म्हणजे भाव ४०० रुपयांच्या खाली यायला हवा. भाव ६०० च राहिला, तर ज्वारी ४५ किलोपर्यंत पोहोचल्यावर तिचा रुपयामागचा लाभ ०.०३३ वर येतो. त्याला १,८०० रुपये लागतात, म्हणून अंदाजपत्रक त्याच्या पुढे गेल्यावरच तुपाचा पहिला रुपया खर्च होईल.

घरची ज्वारी असेल, तर किंमत कोणती धरावी

शेवटचा प्रसंग खेड्यातला आहे आणि पुस्तकी उदाहरणांत तो सहसा येत नाही. घरच्या शेतातली ज्वारी आहे, म्हणजे ती फुकट, असे समजून हिशेबात तिची किंमत शून्य धरली जाते. ते बरोबर नाही. घरात खाल्लेला प्रत्येक किलो बाजारात विकता आला असता, तेव्हा त्याची किंमत म्हणजे विकून हातात पडणारे पैसे. वाहतूक, हमाली आणि तोलाई वजा जाता हा दर ३६ रुपये पडतो असे मानू. विकत घ्यायची झाली, तर मात्र दुकानात ४० रुपयेच द्यावे लागतात. म्हणजे एकाच धान्याच्या दोन किमती झाल्या आणि अंदाजपत्रक रेषेला, घरच्या साठ्याच्या जागी, कोन पडला.

समजा त्या घराकडे महिन्याला १९ किलो ज्वारी पडते आणि डाळीसाठी ४८० रुपये रोख आहेत. डाळीचा भाव पुन्हा १२० धरला, तर ४ किलो डाळ येते. पहिलेच फलन वापरले, तर ज्वारीची सीमांत उपयोगिता ६०/१९ = ३.१६ आणि डाळीची १०. सीमांत पर्यायता दर ०.३१६ झाला. विकण्याच्या दराने किमतींचे गुणोत्तर ३६/१२० = ०.३०० आहे आणि विकत घेण्याच्या दराने ४०/१२० = ०.३३३. आपला दर दोघांच्या मध्ये पडला, दोन्हींपैकी एकाशीही तो समान नाही. एक किलो ज्वारी विकून ३६ रुपयांची डाळ आणली, तर ३.१६ जाऊन ३.०० मिळतात. ४० रुपयांची डाळ कमी करून ज्वारी विकत आणली, तर ३.३३ जाऊन ३.१६ मिळतात. दोन्हींत तोटा असल्यामुळे हे घर ज्वारी विकतही नाही आणि घेतही नाही. येथे समानतेचा आग्रह धरून x सोडवायला बसल्यास दोन वेगवेगळी उत्तरे येतील आणि दोन्ही चुकीची असतील.

त्या घरापुरती ज्वारीची किंमत ०.३१६ ला १२० ने गुणून काढता येते. दशांश न तोडता गुणल्यास ती ३७ रुपये ८९ पैसे येते. विक्रीत हाती पडणारा दर याच्या वर गेला, तर कोठीतून ज्वारी बाहेर पडू लागेल. दुकानातला भाव याच्या खाली आला, तर बाहेरून आत येऊ लागेल. विक्रीचा दर याच्या खाली आणि दुकानातला भाव याच्या वर असेपर्यंत बाजार हलला, तरी घरातली भाकरी आणि वरण यांचे प्रमाण बदलणार नाही.